पाणी तोडून दम वाढत नाही

पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात संध्याकाळच्या सरावाला मुलाला पाठवताना घरोघरी दोन सूचना मिळतात: खेळताना पाणी पिऊ नकोस आणि जाण्याआधी काही खाऊ नकोस. या सूचनांमागे अनुभव आहे, हे मान्यच करायला हवे. तहान अनावर झाल्यावर अर्धी बाटली एका दमात रिचवली, किंवा भरपेट जेवून लगेच पळायला लागले, तर पोट डचमळते, बरगडीखाली कळ येते. पण यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. दोष पाण्याचा किंवा अन्नाचा नाही. एका वेळच्या प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. त्यातही आपली हवा किनाऱ्याची, दमट. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होते. इथे तो वाळण्याआधीच ओघळतो. म्हणून शरीर आणखी घाम गाळते आणि गारवा मात्र कमीच मिळतो.

मग किती पाणी प्यावे? याचे उत्तर घरचा वजनकाटा देतो. समजा, कबड्डी खेळणाऱ्या मुलीचे वजन सरावाआधी ४५ किलो होते. दीड तासाने, घामाचे कपडे बदलून आणि अंग पुसून, ते ४४.१ भरले. मधे ती २०० मिली पाणी प्यायली आणि लघवीला गेली नाही. म्हणजे घाम सुमारे १.१ लिटर गेला आणि वजनात २ टक्के घट झाली. साधारण इथूनच दम लवकर लागतो, चपळाई मंदावते. तिने दर वीस मिनिटांनी २०० मिली, असे चार वेळा पाणी घेतले असते, तर घट ३०० ग्रॅमवर थांबली असती आणि पोटही जड झाले नसते.

कोणी म्हणेल, मग भरपूर पाजू. तेही चूक. सरावानंतर वजन वाढलेले दिसले, तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले. अतिरेकाने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. महागडी रंगीत पेयेही तास-दीड तासाच्या सरावाला लागत नाहीत. नंतर मीठ घातलेली पेज किंवा वरणभात आणि पाणी एवढ्याने भरपाई होते.

खाण्याची वेळ सरावाच्या वेळेवरून उलटी मोजावी. सराव पाचला असेल, तर पूर्ण जेवण एकच्या सुमारास आणि चारला एखादे केळे किंवा गूळ-पोळी. डहाणू-घोलवडचा चिकू आपला खरा. पण त्यात चोथा बराच, म्हणून काहींना तो खेळण्याआधी जड पडतो. तो नंतर द्यावा. ‘क्लास सुटल्यावर नऊला जेवेलच’ हा युक्तिवादही टिकत नाही. सराव संपल्यावर तासाभरात पोहे-अंडे किंवा उसळ-भाकरी पोटात गेली, तर थकलेले स्नायू वेळेत सावरतात. नऊचे जेवण मग हलके झाले तरी चालते.

‘आम्ही पाण्याविना खेळलो’ हे खरे असेलही. पण त्या वेळी वजन कोणी केले नव्हते. त्यामुळे पाण्याविना खेळ किती खालावला, हे कळायला मार्गच नव्हता.