पत्रिका स्टेटसला लागते तेव्हा

तुळशीचं लग्न लागलं, की सोमेश्वरनगर परिसरात एकीकडे कारखान्याचा हंगाम रंगात येतो आणि दुसरीकडे लग्नांचे बार उडू लागतात. पूर्वी पत्रिका हळदीकुंकू लावून ओळखीच्याच उंबऱ्यावर जायची. आता तिचा फोटो स्टेटसला लागतो, तिथून भावकीच्या ग्रुपवर आणि पुढे कुठेही.

अशी एखादी नेहमीची पोस्ट घेऊ. वधूचं पूर्ण नाव, बी.ई., पुण्यातल्या कंपनीचं नाव, वडील-काका-मामांचे मोबाईल नंबर, घराचा पत्ता. शेवटी हौसेनं टाकलेली ओळ: ‘आम्ही सगळी मंडळी सकाळी सहालाच कार्यालयात हजर!’ म्हणजे त्या दिवशी घराला कुलूप. दागिने आणि आहेर घरात असण्याचे नेमके हेच दिवस.

हीच पोस्ट नव्यानं लिहिली तर: ‘आमच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय! दोन्ही घरांत आनंदीआनंद आहे. आमंत्रण द्यायला घरी येतोच, तोवर तुमचे आशीर्वाद असू द्या.’ यात आनंद तसूभरही कमी झालेला नाही. तारीख, वेळ, कार्यालय आणि एकच संपर्क क्रमांक हे ज्याला बोलवायचं त्याला वेगळ्या निरोपात जातं. कार्यालयातले फोटो लग्न लागून मंडळी घरी परतल्यावर टाकता येतात. शिक्षण, नोकरी लिहायची की नाही, हे मुलीला आणि व्याह्यांना विचारून ठरवावं. भाऊबंदांना दाखवण्याची घाई बहुधा वडिलांनाच जास्त असते.

निरोप मात्र साध्या मजकुरात असावा, किंवा सरळ फोटो. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ३० ऑगस्टच्या लग्नाचं आमंत्रण आलं. पत्रिका समजून त्यांनी सोबतची फाइल उघडली; ती मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी .apk फाइल होती. खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका उघडताना फोन ‘इन्स्टॉल’ करायची परवानगी मागू लागला, तर तिथेच थांबावं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावं; जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

फेसबुकवर पोस्ट टाकताना ‘पब्लिक’ऐवजी ‘फ्रेंड्स’ निवडता येतं, व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस मोजक्याच लोकांना दाखवता येतं. पण स्क्रीनशॉटला कुंपण नसतं. शिवाय घरच्यांनी कितीही जपून लिहिलं, तरी मामा छापील पत्रिकेचा फोटो नंबरांसकट टाकायला मोकळेच. म्हणून सुपारी फुटली, की याद्यांच्या बैठकीतच दोन्हीकडच्यांनी पोस्टचा मजकूर एकदा वाचून घ्यावा. मानपानावर तासभर खल होतोच, त्यात आणखी पाच मिनिटं.