किडनी कोणाची काढायची, हे रजा ठरवते

आमच्या वस्तीतल्या एका घरात गेल्या वर्षी बैठक बसली होती. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मोठा भाऊ आणि बहीण दोघांचाही रक्तगट जुळत होता. मोठा भाऊ केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कायम नोकरीला. बहीण महापालिकेच्या झाडू खात्यात, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर. निर्णय व्हायला अर्धा तासही लागला नाही. "दादाची नोकरी सांभाळली पाहिजे, ताईचं काय, रोजंदारीच आहे," असे ठरले आणि ताईने मान डोलावली.

त्या बैठकीला आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो, हे आधी कबूल करतो. कारण जी गोष्ट तिथे सांगायला हवी होती, ती आम्हालाही नंतर कळली. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने एप्रिल २०२३ मध्येच आदेश काढला आहे. अवयवदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, म्हणजे पूर्ण पगारी, आणि ती त्याच्या अर्जित रजेतून कापली जात नाही. (रेल्वे आणि अखिल भारतीय सेवा त्या आदेशाबाहेर आहेत.) म्हणजे ज्याची नोकरी वाचवायची म्हणून बहिणीला पुढे केले, त्याच्या नोकरीला धोकाच नव्हता. जिच्याकडे एकही हक्काचा दिवस नव्हता, ती टेबलावर झोपली.

"ताईने प्रेमापोटी दिली" असे घरातले सांगतात. प्रेम होतेच, ते आम्ही नाकारत नाही. पण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि त्याचे कारण बायकांचे काळीज मोठे असते एवढेच आहे काय? ज्याचा खाडा घराला स्वस्त पडतो, त्याची किडनी जाते. कंत्राटी सफाई कामगाराचा खाडा सगळ्यात स्वस्त, आणि त्या कामावर कोणत्या जातीच्या बायका आहेत हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता ४२ दिवस हा आकडा कुठून आला ते पाहू. सहा आठवडे. आजकाल बहुतेक ठिकाणी दात्याची किडनी दुर्बिणीने काढतात. पोटावर तीन-चार छोटी छिद्रे असतात, पण किडनी अखंड बाहेर काढायला ओटीपोटाजवळ साधारण सहा-आठ सेंटिमीटरचा छेद द्यावाच लागतो. चार-पाच दिवसांत घरी सोडतात. बाहेरची जखम दोन आठवड्यांत भरलेली दिसते आणि इथेच फसगत होते. आतला स्नायूवरचा थर घट्ट व्हायला सहा आठवडे आणि पुढेही वेळ लागतो. तोवर चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, ढकलायचे नाही, ओढायचे नाही. बसून काम करणारा माणूस तीन-चार आठवड्यांत कामावर जाऊ शकतो. अंगमेहनतीचे काम असेल तर सहा ते आठ आठवडे थांबावे लागते, आणि बरगडीखाली मोठा छेद घेऊन ऑपरेशन केले असेल तर त्याहून जास्त.

ताईला घरी सोडताना डॉक्टरांनी विचारले, काम कुठे करता? ती म्हणाली, महापालिकेत. त्यांच्या डोळ्यांसमोर टेबल-खुर्ची आली असावी. कागदावर लिहिले गेले : तीन आठवड्यांनी कामावर हजर होण्यास योग्य. ठेकेदाराने तो कागद प्रमाण मानला. बाविसाव्या दिवशी ताई भरलेली कचरागाडी ढकलत चढ चढत होती. अडीच महिन्यांनी तिने आम्हाला दाखवले, खोकले की छेदाजवळ लिंबाएवढा फुगवटा येतो, आडवे झाले की आत जातो. हर्निया. तिला आता दुसऱ्या ऑपरेशनची गरज आहे.

तीन आठवडे जिथे लिहिले गेले, तिथे प्रश्न अपुरा विचारला गेला आणि उत्तरही अपुरे दिले गेले. म्हणून ज्यांच्या घरी ही वेळ आहे त्यांना आम्ही सांगतो : डॉक्टरांना हुद्दा सांगू नका, काम सांगा. दिवसाला किती किलो उचलता, किती वेळा वाकता, गाडी ढकलता का, जिने चढता का. आणि प्रमाणपत्रावर नुसते "विश्रांती" नको. अमुक तारखेपर्यंत पाच किलोवर वजन उचलणे, ढकलणे, ओढणे वर्ज्य, असे शब्द लिहून घ्या. "विश्रांती" हा शब्द मुकादम हवा तसा वाचतो. किलो आणि तारीख त्याला तशी वाचता येत नाही.

सरकारी आदेशातही एक भोक आहे. ही रजा सर्वसाधारणपणे दवाखान्यात दाखल झाल्या दिवसापासून एकसलग घ्यायची. डॉक्टरांनी लिहून दिले तर जास्तीत जास्त एक आठवडा आधीपासून. दुसऱ्या रजेला ती जोडता येत नाही, ऑपरेशनमधून गुंतागुंत झाली तरच अपवाद. पण दात्याचे दिवस दाखल होण्याआधीच जायला लागतात. रक्त जुळवणी, दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात त्याचा स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, मग नाते सिद्ध करायची कागदपत्रे आणि मंजुरीसाठीची मुलाखत. ताईचे यात अकरा खाडे झाले, तीन महिन्यांत विखुरलेले. ऑपरेशनआधीच अकरा दिवसांचा पगार गेला.

खाजगी आणि कंत्राटी कामगाराचे काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात किमान २४० दिवस भरले तर वीस दिवसांमागे एक पगारी रजा आहे. तीनशे दिवस राबलेल्या माणसाला पंधरा दिवस. बेचाळीस दिवस साठवायला ८४० दिवसांचे काम लागेल, तेही मधे कोणी आजारी न पडता. पगारी सुट्टीचे तत्त्व १९४५ साली कारखाना कायद्यात आले, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. ऐंशी वर्षांनंतर आपली ताई त्या तत्त्वाच्याही बाहेर आहे, कारण तिच्या हजेरीपटावर दर अकरा महिन्यांनी नवे नाव असल्यासारखी नोंद होते.

आम्ही ठेकेदाराकडे बुडालेल्या मजुरीचा विषय काढला तेव्हा त्याने कायद्याचीच भीती घातली. किडनीचे पैसे घेणे गुन्हा आहे, म्हणाला. गुन्हा आहेच. पण १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात मोबदल्याची व्याख्या नीट वाचा. अवयव दिल्यामुळे दात्याला थेट आलेला वाजवी खर्च आणि बुडालेली कमाई यांची भरपाई त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे. बुडालेली मजुरी भरून देणे ही किडनीची किंमत नाही, असे संसदेनेच मान्य केले आहे. फक्त ती कोणी द्यायची, हे लिहिलेले नाही.

आमचे म्हणणे असे की सफाईच्या निविदेत ही अट महापालिकेने घालावी : दात्या कामगाराला ऑपरेशननंतर ४२ दिवसांची मजुरी, तपासण्यांचे दिवस वेगळे, आणि परत आल्यावर डॉक्टरांनी लिहिलेल्या तारखेपर्यंत हलके काम. गणवेश आणि गमबूटच्या अटी निविदेत असतात, तशीच ही. आमचे निवेदन तयार आहे, ज्या संघटनांना सही करायची त्यांनी कळवावे.

धाकटा भाऊ बरा आहे, कामालाही लागला. ताईला आता दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासायची आहेत, आणि अंग दुखले तरी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची नाही, कारण ती उरलेल्या किडनीला मारक ठरू शकते. गेल्या महिन्यात ती तपासणीला गेली. त्या दिवसाचा खाडा लागला.