परस्परोपग्रहाची ओळ पाचव्या अध्यायात वाचा

जैन प्रतीकात हाताचा पंजा, स्वस्तिक आणि अगदी तळाशी परस्परोपग्रहाची संस्कृत ओळ असते. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवात, १९७४-७५च्या सुमारास, हे प्रतीक स्वीकारलं गेलं आणि ही ओळ लग्नपत्रिकांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत पोहोचली. भाषणात तिचा अर्थ ‘एकमेकांना मदत करा’ एवढाच सांगतात. माझी विनंती आहे की एकदा ती मूळ जागी वाचा.

ती आहे तत्त्वार्थसूत्रात, पाचव्या अध्यायातलं एकविसावं सूत्र. ग्रंथकर्त्यांना दिगंबर उमास्वामी म्हणतात, श्वेतांबर उमास्वाती. ग्रंथ दोघांनाही मान्य. गंमत अशी, की हा अध्याय व्रतांचा नाहीच. व्रतं सातव्यात येतात. पाचव्यात विश्वातली द्रव्यं आहेत आणि सतराव्या सूत्रापासून कोणतं द्रव्य इतरांच्या काय कामी येतं, ते ओळीनं सांगितलंय. धर्मद्रव्य हालचालीला साहाय्य करतं, अधर्मद्रव्य थांबण्याला, आकाश जागा देतं. पुद्गलामुळे शरीर, वाणी, मन आणि श्वास मिळतो. त्याच ओघात जीवाची पाळी येते: जीव एकमेकांच्या कामी येतात. म्हणजे ही आज्ञा नव्हे, वस्तुस्थितीचं वर्णन आहे. तुम्ही ठरवा न ठरवा, ते चालूच असतं.

आता अगदी आधीचं, विसावं सूत्र पाहा. पुद्गलाच्या उपकारांत तिथे सुखाबरोबर दुःख आणि जीवनाबरोबर मरणही मोजलंय. इथे उपकार म्हणजे भलं करणं नव्हे, निमित्त होणं. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी टीकेत हे चारही जीवांच्या परस्पर उपग्रहालाही लावलेत.

त्यांचंच मालक-नोकराचं उदाहरण घ्या. मालक पैसा देतो. नोकर त्याचं हित साधतो, नुकसान टाळतो. हेच तुमच्या दुकानात लावून बघा. पगार देणारे तुम्ही उपकारकर्ते आणि गल्ला सांभाळणारा पोऱ्या उपकृत, हा हिशेब या सूत्रात बसत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी देतात. पगार महिनाभर अडवलात, तर त्याच्या घरच्या दुःखालाही निमित्त तुम्हीच.

‘त्याचं कर्म त्याला भोवलं, मी फक्त निमित्त’ अशी पळवाट मात्र काढू नका. त्याचं सुखदुःख त्याच्या कर्माच्या उदयानं येतं हे खरं, पण बेसावधपणे किंवा रागालोभानं दुखावलंत तर तुमचा कर्मबंध तुम्हालाच. त्याचा विचार सातव्या अध्यायातल्या हिंसेच्या सूत्रात आहे, म्हणून दोन्ही सोबत वाचावीत.

दशलक्षण पर्वात अनेक मंदिरांत रोज एक अध्याय वाचतात. पाचव्या दिवशी जा आणि सतरा ते बावीस ही सहा सूत्रं सलग समजावून मागा. फार तर अर्धा तास लागेल.