एका दमात सात प्रश्न

पाथर्डीतल्या एका बैठकीनंतर एका मुलाने चिठ्ठी हातात दिली. कॉलेजच्या कट्ट्यावर त्याला सात प्रश्न एका दमात विचारले गेले होते. काही टोमणे, काही खरी अडचण. त्याने सगळ्यांना मिळून एक भाषण दिले आणि वर ऐकून घेतले, "मूळ प्रश्न टाळलास." मित्रांनो, असा मारा झाला की आधी क्रमांक लावा, विषयाचे नाव घ्या, मग तेवढेच बोला. मी त्याला लिहून दिलेली उत्तरे अशी:

१. आरक्षणाची मुदत : दहा वर्षांची मुदत कलम 334 मध्ये आहे आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची. ती वाढवत नेलेली आहे, सध्या 2030 पर्यंत. शिक्षणाचे कलम 15(4) आणि नोकरीचे 16(4) यांत मुदतीचा शब्दही नाही. इथे आपली पोरे चिडतात आणि तीन हजार वर्षांचा इतिहास काढतात. गरज नाही. "कोणते आरक्षण?" एवढे विचारा. बहुतेकांना दोन वेगळी आहेत हेच माहीत नसते.

२. संविधान एकट्याने लिहिले का : नाही, आणि तसा दावाही करू नका. पहिला कच्चा मसुदा बी. एन. राव यांचा, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनीच त्यांना श्रेय दिले. पण मसुदा समितीतल्या सात जणांचे ओझे शेवटी बाबासाहेबांवर कसे पडले, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी 1948 मध्ये सभागृहात सांगितले होते. ते समितीचे सदस्य आहेत म्हणून नव्हे, तर सभागृहातले एक साक्षीदार म्हणून त्यांचे नाव घ्या.

३. पुणे करार : प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा 71 वरून 148 झाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. दोन्ही वाक्ये सांगा.

४. बौद्धांचा दाखला : केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पासून मिळतो.

५. अ‍ॅट्रॉसिटी : गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही, कलम 18अ. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही.

६. ऊसतोडीला गेल्यावर पोरांची शाळा : हा टोमणा नव्हता. विचारणाऱ्याचे आईबाप दरवर्षी कोयता घेऊन जातात. पहिली ते आठवीपर्यंत जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5. हे उत्तर कट्ट्यावर देऊन उपयोग नाही. त्याच्यासोबत शाळेत जा आणि प्रवेशाचा अर्ज लेखी द्या.

७. आंबेडकरवादी एक का होत नाहीत : रिपब्लिकन पक्ष 1957 मध्ये स्थापन झाला आणि पुढे फुटत गेला. कारणे दोन ओळींत मावत नाहीत. "यासाठी वेगळे बसू" म्हणा, आणि दिवस ठरवूनच उठा.