सही करण्याआधी तीन कलमे एकत्र वाचा

म्हसा, मुरबाड, शहापूरकडची आपली अनेक कुटुंबे कामधंद्यासाठी कल्याणला भाड्याने खोली घेतात. आधी आडनाव विचारले जाते, खोली मिळता मिळत नाही. मग मिळाली की एजंटने पुढे केलेल्या करारावर घाईघाईने सही होते. म्हणून आज आम्ही करारातील तीन कलमांविषयी लिहीत आहोत. लॉक-इन, नोटीस आणि डिपॉझिट ही ती तीन कलमे. करारात ती वेगवेगळ्या पानांवर असतात, पण पैसे कापताना एकत्र येतात.

समजा, करार ११ महिन्यांचा, भाडे दरमहा ६,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आहे. लॉक-इन सहा महिन्यांचे, म्हणजे तोवर खोली सोडायची नाही. नोटीस एक महिन्याची. चार महिने झाले आणि काम सुटले. खोली लगेच रिकामी केली, तर मालक लॉक-इनच्या उरलेल्या दोन महिन्यांचे १२,००० कापतो. नोटीस दिली नाही म्हणून आणखी ६,००० कापतो. हातात उरतात १२,०००, त्यातून रंगाचा खर्च वेगळा.

भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मागता येते. लिहिलेला आकडा ही केवळ वरची मर्यादा असते. खोलीत लगेच दुसरा भाडेकरू आला, तर मालकाचे नुकसान कमीच झाले. पण पैसे त्याच्या हातात असतात, ते काढायला आपल्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून बोलणी सहीआधीच करावी.

काय लिहून घ्यावे? पहिले, लॉक-इन दोघांनाही बांधील असावे. पुष्कळ करारांत भाडेकरू अडकलेला असतो, पण मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर खोली रिकामी करून घेऊ शकतो. दुसरे, नोटिशीचा महिना लॉक-इनमध्येच धरावा, म्हणजे एकाच महिन्याचे भाडे दोनदा कापले जाणार नाही. वरच्या हिशोबात त्याने ६,००० वाचतात. तिसरे, किल्ली दिली त्याच दिवशी डिपॉझिट परत मिळावे, आणि त्यातून फक्त थकलेले भाडे, लाइट बिल व प्रत्यक्ष मोडतोड वजा व्हावी, असे स्पष्ट लिहावे. राहायला जाताना मीटरचे आकडे व भिंतींचे फोटो घेऊन ठेवावेत.

'११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही,' असे कोणी सांगितले तर मानू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे असते. नोंदलेल्या कराराची प्रत घरी ठेवा, आणि डिपॉझिट रोख दिले असेल तर त्याची सही केलेली पावतीही.

जय भीम.