अधिक माहितीसाठी संपर्क...

मंडळी, पत्रिकेवर "अधिक माहितीसाठी संपर्क" असं छापून खाली दोन मोबाइल नंबर दिले, की आयोजकांना आपलं काम झालंसं वाटतं. मला मात्र वाटतं, काम तिथून सुरू होतं.

आमच्या मंडळाच्या यंदाच्या गाण्याच्या कार्यक्रमाला प्रश्नोत्तरांचं पान लिहायचं माझ्याकडे आलं. (निवृत्त मास्तराकडे दुसरं काय येणार!) फोन घेणाऱ्यांना मी म्हटलं, आठवडाभर प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. वही भरली तेव्हा दिसलं, की प्रश्न मोजकेच आहेत, पण भाषा आपली नाही. आपण लिहितो "वाहनतळ व्यवस्था", लोक विचारतात, "गाडी कुठे लावू?" तोच मथळा घेतला.

उत्तर असं हवं की त्यातून दुसरा प्रश्न निघू नये. "पार्किंगची सोय मर्यादित" हे उत्तरच नव्हे. आम्ही लिहिलं: "आवारात फक्त दुचाकी. चारचाकी शेजारच्या शाळेच्या मैदानावर, मागच्या फाटकाने. तिथून चालत ५ मिनिटं. ज्येष्ठांना आधी मुख्य दारापाशी उतरवा." वेळेचंही तसंच. नुसतं "सायंकाळी ६" पुरत नाही. दारं ५.३० ला उघडतील, गाणं ६ ला सुरू, मध्यंतर २० मिनिटं, ९ पर्यंत समाप्त. उशिरा येणाऱ्याला चालू रचना संपल्यावरच आत सोडू.

खरी परीक्षा पैसे परत करण्याची. "परताव्याचा निर्णय आयोजकांचा राहील" असं मोघम लिहिण्याकडे कमिटीचा कल होता. माझा विरोध होता. मोघम वाक्य आशा जिवंत ठेवतं, आणि आशा असली की माणूस फोन करतोच. शेवटी ठरलं: कार्यक्रमाआधी ३ दिवसांपर्यंत पूर्ण पैसे परत. त्यानंतर नाही, पण तिकीट दुसऱ्याला देता येईल. कार्यक्रम आम्हीच रद्द केला तर सगळे पैसे, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने, ७ दिवसांत. "नाही" स्पष्ट लिहिलं म्हणून कुणी रागावलं नाही.

पान लावल्यावरही वही चालू ठेवली. गाडीचे फोन जवळजवळ थांबले, पण "तीन वर्षांच्या मुलाला तिकीट लागतं का?" हा प्रश्न येतच राहिला. उत्तर होतं, पण "प्रवेश" या मथळ्याखाली चौथ्या ओळीत! त्याला स्वतंत्र प्रश्न करून वर आणलं, तेव्हा ते फोनही कमी झाले. तोच प्रश्न पुन्हा आला, तर आधी उत्तर कुठे ठेवलंय ते पाहावं.

पानावर शेवटच्या बदलाची तारीख हवी. आणि वेळ बदलली तर पत्रिका, फलक, पान सगळीकडे बदलावी. दोन ठिकाणी दोन वेळा दिसल्या की लोक फोनच करणार.

नंबर मात्र ठेवावाच. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या आजींच्या मुलाला पानापेक्षा माणसाशीच बोलायचं असतं. बाकीचे फोन थांबले, तरच त्याचा फोन लागेल. तुमचा काय अनुभव?