चित्रातला तांब्या आणि घरातला तांब्या

जुलाबाने मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. त्यावरचा उपाय म्हणजे जलसंजीवनी, आणि ती मातांना समजावण्यासाठी आशाताईंच्या पिशवीत चित्रांचा संच असतो. माझी तक्रार संचाबद्दल नाही, तो वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. ताई एकेक पान उलटते, माता "हो, हो" म्हणतात आणि सगळे घरी जातात.

आष्टी तालुक्यातील एका वस्तीवर मी असाच कार्यक्रम पाहिला. तिसऱ्या चित्रात एक बाई तांब्यातल्या पाण्यात पाकीट ओतत होती. बाजूला 'एक लिटर' असे छापले होते, पण बसलेल्या बायांपैकी निम्म्यांना ते वाचता येत नव्हते. दीड वर्षाच्या मुलाच्या आईला मी म्हटले, "आता तुमच्या घरी करून दाखवा." तिने स्वतःचा तांब्या काठोकाठ भरला आणि पाकीट फोडू लागली. मी तिला थांबवले. ताईजवळची एक लिटरची भरलेली बाटली घेऊन तिचा तांब्या पुन्हा त्या पाण्याने भरला. तांब्या भरून वाहू लागला तरी बाटलीत जवळपास निम्मे पाणी उरले. म्हणजे तिचे द्रावण जवळजवळ दुप्पट तीव्र झाले असते. "चित्रात तांब्याच व्हता की," ती म्हणाली. तिचे काहीच चुकले नव्हते.

या मापावर सारे अवलंबून आहे. पाकिटातली साखर, म्हणजे ग्लुकोज, आतड्यातून आत शिरताना मिठाला सोबत नेते आणि मिठामागून पाणी जाते. प्रमाण नेमके असेल तरच हे घडते. द्रावण फार दाट झाले तर पाणी उलट शरीरातून आतड्यात ओढले जाते, जुलाब वाढतात आणि रक्तातले मीठही वाढते. मोठे पाकीट फुलपात्रभर पाण्यात कालवले तर ते सुमारे पाचपट दाट होते. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. ती लिटरभर पाण्यात टाकली तर उपयोग होत नाही. पाकिटावर लिहिलेले माप आधी पाहावे.

त्या दिवशी आम्ही चित्रे बाजूला ठेवली. प्रत्येकीने घरातले एक पातेले आणले, त्यात बाटलीने मोजून लिटरभर पाणी ओतले आणि पाणी जिथवर आले तिथे आतून खिळ्याने रेघ ओढली. मग तिसरे चित्र पुन्हा दाखवले. आता त्यातल्या तांब्याला अर्थ आला होता. आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला जातात तेव्हा मात्र ते पातेले घरी राहते. कोपीवर नेण्यासाठी लिटरची रिकामी बाटली धुऊन सोबत ठेवावी.

पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यातही चित्र फसवते, कारण चमचा सपाट की शीग लावलेला हे रेघांत कळत नाही. सुरीच्या पाठीने चमचा सपाट करून दाखवावा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते फेकून पुन्हा करावे.

दुसरी अडचण आयांच्या अपेक्षेची. "पाणी पाजलं तरी हगवण थांबना," म्हणून दुसऱ्या दिवशी त्या इंजेक्शनसाठी धावतात. जलसंजीवनी जुलाब बंद करत नाही, गेलेले पाणी भरून काढते. हे सांगायला मी गळक्या डब्याचा प्रयोग करतो. बुडाला भोक पाडलेल्या डब्यातून पाणी गळते. तेवढेच वरून ओतत राहिले तर डबा भरलेला राहतो, भोक मात्र तसेच असते. ते दोन-चार दिवसांत आपोआप बुजते. तोवर दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप पाणी चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरीही. केलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे.

मूल सुस्त पडले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे गेली किंवा शौचातून रक्त पडले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर बायांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शिकवणारी बाई शिकणाऱ्या बाईसारखीच असल्याने तिला घरातले तांबे-फुलपात्री ठाऊक असत. आपल्या आशाताईही त्याच गावच्या आहेत. त्यांच्या संचात माझ्या मते एक पान वाढवायला हवे, आणि ते कोरे हवे. त्यावर मातेने आपले भांडे काढावे आणि तिथे रेघ मारावी.